402 अँपची केबल जमिनीत 195 वर का येते: एलटी फीडरचं डिरेटिंग आणि व्होल्टेज ड्रॉप

प्रश्न: बुटीबोरीला आमच्या नवीन शेडसाठी फीडर टाकायचाय. लोड 150 किलोवॅट, पॉवर फॅक्टर 0.85, मेन पॅनलपासून शेडचा डीबी 180 मीटर. अॅल्युमिनियम आर्मर्ड एक्सएलपीई, साडेतीन कोअर टाकणार आहोत. पहिले 90 मीटर जमिनीत, त्याच ट्रेंचमधून आणखी तीन केबली जाणार आहेत, ट्रेंच अजून खणायचाय. पुढचे 90 मीटर शेडमध्ये पत्र्याखाली ट्रेवर, तिथे आधीच पाच केबली आहेत. कॅटलॉगमध्ये 150 स्क्वेअरला हवेत 294 अँप दिलेत, आमचा करंट 245, मग 150 पुरेल ना? कॉन्ट्रॅक्टर म्हणतो 240 चा एक रन टाका आणि विषय संपवा, कन्सल्टंट दोन रन सांगतोय. डिरेटिंग नेमकं कुठे आणि किती लावायचं?

उत्तर:

150 चा एक रन नाही पुरणार, आणि 240 चाही नाही. कन्सल्टंट बरोबर आहे, 120 स्क्वेअरचे दोन रन टाका, पण ट्रेंचमध्ये केबली एकमेकींना चिकटवून टाकायच्या नाहीत, हे नाही पाळलं तर दोन रन टाकूनही भागणार नाही. कसं ते आता आकड्यांनी बघू, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच करता येईल.

आधी हे बघा की कॅटलॉगमधला 294 हा आकडा कुठल्या परिस्थितीतला आहे. आपल्याकडच्या कॅटलॉगमध्ये हवेतलं रेटिंग म्हणजे आजूबाजूची हवा 40 डिग्री, केबल एकटी, चारही बाजूंनी हवा मोकळी. जमिनीतलं रेटिंग म्हणजे माती 30 डिग्री, पाऊण मीटर खोली, मातीची थर्मल रेझिस्टिव्हिटी 150 डिग्री सेंटीमीटर प्रति वॅट, आणि तिथेही केबल एकटीच. एवढं सगळं जुळलं तरच कंडक्टर 90 डिग्रीवर थांबतो, जी एक्सएलपीईची मर्यादा आहे. तुमच्या साइटवर यातलं जवळपास काहीच जुळत नाही. मे महिन्यात नागपूरकडे बाहेरच 45 असतं आणि पत्र्याच्या लगेच खाली ट्रे असेल तर तिथली हवा 55 धरायला लागते, हे मी अंदाजाने फेकत नाहीये, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला ट्रेच्या उंचीवर थर्मामीटर बांधून स्वतः बघा. जमिनीवर उभं राहून मोजलेलं तापमान इथे कामाचं नाही, केबल जिथे आहे तिथलं पाहिजे.

दुसरं, 245 अँपवर केबल निवडायची नसते. 150 किलोवॅट, 415 व्होल्ट, 0.85 ला करंट 245 येतो हे बरोबर, पण केबलला वाचवणार आहे तो एमसीसीबी. 250 चा घेतला तर अगदी काठावर चालेल, त्यामुळे मी 320 चा घेऊन थर्मल सेटिंग 0.8 वर ठेवेन, म्हणजे 256 अँप. आता केबलची डिरेट झालेली क्षमता या 256 पेक्षा जास्त पाहिजे, नाहीतर उद्या शेडमध्ये कोणी एक मशीन वाढवलं आणि लोड 255 वर गेला तर एमसीसीबी गप्प बसेल आणि केबल तापत राहील. त्यामुळे केबलचा करंट तपासताना 256 धरायचा, आणि व्होल्टेज ड्रॉप काढताना खरा लोड म्हणजे 245. हे दोन आकडे लोक सारखे एकमेकांत मिसळतात.

आता डिरेटिंग. रूटचे जेवढे वेगवेगळे भाग तेवढे वेगळे हिशोब करायचे. एका भागातले सगळे फॅक्टर एकमेकांना गुणायचे, पण ट्रेचा फॅक्टर जमिनीच्या फॅक्टरला गुणायचा नाही, कारण केबलचा एकच तुकडा एकाच वेळी ट्रेवर आणि जमिनीत नसतो. शेवटी ज्या भागात सगळ्यात कमी अँप येतात तो भाग पूर्ण केबलची साइज ठरवतो. मी अशी शीट बघितलीये ज्यात तापमान, ट्रे, ट्रेंच, खोली सगळं एकाच ओळीत गुणून 0.3 च्या आसपास फॅक्टर काढला होता आणि गरजेपेक्षा भरपूर जाड केबल मागवली होती.

ट्रेचा भाग घेऊ. एक्सएलपीईला 55 डिग्रीचा फॅक्टर 0.84. हा कुठून येतो तेही सांगतो, म्हणजे टेबल हाताशी नसलं तरी काढता येईल: 90 मधून 55 गेले 35, 90 मधून 40 गेले 50, भागाकाराचं वर्गमूळ घ्या, 0.84 येतं. तापमानात किती जागा शिल्लक आहे त्यावर करंट ठरतो आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते म्हणून वर्गमूळ. पीव्हीसी असती तर 90 च्या जागी 70 टाकायचे, मग 15 भागिले 30 चं वर्गमूळ म्हणजे 0.71, म्हणूनच गरम जागेत पीव्हीसी केबल एवढी पटकन हरते.

ग्रुपिंगचा फॅक्टर भोकांच्या ट्रेवर एका थरात चिकटून सहा केबली असतील तर 0.73. तुमच्या पाच आणि ही एक म्हणजे सहा. दोन्ही गुणले की 0.61. आता 150 ची 294 अँप घेतली तर उरतात 180. 185 ची 339, उरतात 208. 240 ची 402, उरतात 246. म्हणजे 240 सुद्धा 256 ला पोचत नाही, थोडक्यात हुकते. (हे आकडे साडेतीन कोअर अॅल्युमिनियमचे नेहमीचे आहेत, तुम्ही ज्या कंपनीची घेताय तिचं टेबल उघडून तपासा, चार-पाच अँप इकडेतिकडे असतात.)

इथे एक गोष्ट जपा. इंटरनेटवर जी तापमानाची टेबलं सापडतात त्यातली बरीच आयईसीची असतात आणि त्यांचा बेस 30 डिग्री हवा, 20 डिग्री माती असा असतो. त्या टेबलमध्ये 55 ला 0.76 दिलेलं दिसेल. ते 0.76 आपल्या 40 डिग्रीवाल्या 402 ला लावलं तर तुम्ही एकच गोष्ट दोनदा कापली. आणि उलटं केलं, म्हणजे 30 डिग्रीचं परदेशी कॅटलॉग घेऊन त्याला आपलं 0.84 लावलं, तर केबल खरोखर लहान पडते आणि ते कागदावर कुठेच दिसत नाही. रेटिंग ज्या बेसचं, फॅक्टर त्याच बेसचा, हे पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. ग्रुपिंगचे फॅक्टर मात्र दोन्हीकडे चालतात, तिथे बेस तापमानाचा संबंध नाही.

ट्रेवरचे आकडे बघून बहुतेक जण थांबतात, कारण पत्रा गरम असतो आणि डोळ्याला दिसतो. पण तुमच्या केसमध्ये साइज ठरवणारा भाग ट्रेंच आहे. जमिनीत केबल जवळजवळ असल्या की एकीची उष्णता दुसरीच्या मातीत जाते, हवा वाहून नेते तशी माती नेत नाही, त्यामुळे जमिनीतले ग्रुपिंग फॅक्टर ट्रेपेक्षा जास्त कडक असतात. चार केबली चिकटून टाकल्या तर 0.60. मातीचं तापमान उन्हाळ्यात 35 धरू, त्याचा फॅक्टर 0.96. आता 240 चं जमिनीतलं रेटिंग 402 नाही, ते 339 आहे, कारण ते कॉलमच वेगळं आहे. 339 गुणिले 0.60 गुणिले 0.96 म्हणजे 195 अँप. तुमचा कॉन्ट्रॅक्टर जी केबल टाकून विषय संपवायला सांगतोय ती इथे 195 ची आहे आणि तिच्यातून 245 जाणार. तुमची 150 इथे 149 ची होते, ती तर सोडूनच द्या.

मग दोन पर्याय उरतात, जाडी वाढवा नाहीतर अंतर वाढवा. अंतराचा फायदा किती होतो बघा: चार केबली चिकटून 0.60, मध्ये 125 मिलीमीटर मोकळी जागा ठेवली तर 0.70, 250 ठेवली तर 0.75. 300 स्क्वेअरचा एक रन घेतला, जमिनीतलं रेटिंग 380, तर 125 च्या गॅपला 255 येतं, एका अँपने हुकलं, 250 चा गॅप ठेवला तर 273, पास. एक रन पाहिजेच असेल तर हा रस्ता आहे. पण 300 स्क्वेअर आर्मर्ड केबल पॅनलमध्ये वाकवून एमसीसीबीपर्यंत न्यायची म्हणजे ग्लँड प्लेटच्या वर भरपूर उंची लागते, आणि ती नसली की फिटर लोक लगलाच जोर देऊन बसवतात, मग टर्मिनलवर कायमचा ताण राहतो.

दोन रन घेतले की ट्रेंचमध्ये चारच्या जागी पाच केबली झाल्या आणि ट्रेवर सहाच्या सात, हे विसरायचं नाही, तुमचा स्वतःचा दुसरा रनसुद्धा ग्रुपमध्ये मोजायचा. पाच केबली, 125 चा गॅप, फॅक्टर 0.65. 120 स्क्वेअरचं जमिनीतलं रेटिंग 232. त्याला 0.65 आणि 0.96 लावलं की एका रनला साधारण 145, दोन मिळून 289. ट्रेवर सात केबलींनाही फॅक्टर 0.73 च आहे, हवेतलं 258, ते 0.84 सकट 158 होतं, दोन मिळून 316. दोन्ही भाग 256 च्या वर, ठरवणारा भाग 289 चा. अॅल्युमिनियम 300 च्या ऐवजी 240 स्क्वेअर, म्हणजे धातू कमीच लागला. बारीक केबलला तिच्या जाडीच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणून प्रति स्क्वेअर ती जास्त अँप नेते.

95 चे दोन का नाही, असं विचाराल तर ते 125 च्या गॅपला 254 वर येतात, म्हणजे 256 ला पोचत नाहीत, आणि व्होल्टेज ड्रॉपमध्येही अडकतात, ते पुढे येतंच. आणि 120 चे दोन रन चिकटवून टाकले तर पाच केबलींचा फॅक्टर 0.55, दोन मिळून 245, बस्स, गेलं. त्यामुळे हा गॅप ड्रॉइंगमध्ये मापासकट लिहा. पाच केबली साधारण 45 मिलीमीटर व्यासाच्या धरल्या आणि चार गॅप 125 चे, एकूण सव्वासातशे मिलीमीटर, कडेला थोडी जागा धरून ट्रेंच मीटरभर रुंद पाहिजे. साइटवर जेसीबीचा दोन फुटी बकेट असतो आणि तेवढाच चर निघतो, मग केबली एकावर एक पडतात. चर भरण्याआधी टेप लावून फोटो काढून घ्या, नंतर काहीच कळत नाही.

मातीबद्दल एक सांगतो. कॅटलॉगमधली 150 ची थर्मल रेझिस्टिव्हिटी बऱ्यापैकी ओल धरणाऱ्या मातीची आहे. मुरूम कोरडा असेल, किंवा काळी माती उन्हाळ्यात भेगाळून केबलभोवती पोकळी झाली असेल, किंवा चर डेब्रिजने भरला असेल, तर हा आकडा 200 ते 250 वर जातो आणि 250 ला डायरेक्ट पुरलेल्या केबलचं रेटिंग आणखी वीस-बावीस टक्के उतरतं. आपलं 289 चं मार्जिन साधारण 13 टक्क्यांचं आहे, ते तिथे संपतं. त्यामुळे केबलच्या खालीवर चाळलेली बारीक माती किंवा वाळू नीट दाबून भरा, विटा-सिमेंटचे तुकडे तिथे जाऊ देऊ नका. माती खरंच कोरड्या मुरमाची असेल तर मी 150 चे दोन रन घेईन आणि 250 चा गॅप ठेवेन. आणि रस्ता क्रॉस करताना पाइप टाकणार असाल तर तो तिसरा भाग धरून वेगळा हिशोब करा, पाइपमधलं रेटिंग कॅटलॉगमध्ये वेगळ्या कॉलममध्ये असतं आणि ते जमिनीतल्यापेक्षाही कमी असतं. पाच-सहा मीटरचाच पाइप आहे म्हणून सोडून देता येत नाही, मधला तेवढाच तुकडा 90 च्या वर जातो आणि इन्सुलेशन तिथेच म्हातारं होतं. एका पाइपमध्ये एकच केबल.

ग्रुप मोजताना एक सूटही आहे, ती घ्या. ज्या केबलमध्ये तिच्या ग्रुपमधल्या क्षमतेच्या 30 टक्क्यांहून कमी करंट जातो ती बाकीच्यांच्या मोजणीत धरायची गरज नाही. तुमच्या ट्रेवरच्या पाचपैकी एखादी स्टँडबाय पंपाची किंवा नुसत्या लाइटिंगची असेल तर क्लॅम्प मीटर लावून बघा. पण उद्या तीच केबल लोड होणार नाही याची खात्री असेल तरच, नाहीतर मोजलेली बरी.

आता व्होल्टेज ड्रॉप. आयएस 732 च्या 2019 च्या आवृत्तीप्रमाणे सार्वजनिक एलटी सप्लायवर लाइटिंगला 3 टक्के आणि बाकी लोडला 5 टक्के, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर 6 आणि 8. पण हे सप्लायच्या सुरुवातीपासून शेवटच्या मशीनपर्यंतचं एकूण आहे, तुमच्या एका फीडरचं नाही. डीबीपासून मशीनपर्यंतच्या केबलमध्ये अजून दीड-दोन टक्के जाणार, त्यामुळे मी फीडरला 3 टक्क्यांची मर्यादा ठेवतो, ट्रान्सफॉर्मर स्वतःचा असला तरी. 8 टक्के कागदावर चालतात पण दुपारी मोटरला 380 व्होल्ट मिळाले की ती जास्त करंट ओढते, आणि तो वाढलेला करंट पुन्हा याच केबलमधून जातो.

फॉर्म्युला हा, लांबी किलोमीटरमध्ये, R आणि X ओहम प्रति किलोमीटर, दोन रन असल्यामुळे दोन्ही निम्मे:

```
Vd = 1.732 × I × L × (R × cosφ + X × sinφ)
   = 1.732 × 245 × 0.18 × (0.1625 × 0.85 + 0.0365 × 0.53)
   ≈ 12 V
```

415 वर 12 व्होल्ट म्हणजे 2.9 टक्के, बसलं. यातला R घेताना चूक होते ती अशी की कॅटलॉगच्या पहिल्या कॉलममध्ये 20 डिग्रीचा डीसी रेझिस्टन्स असतो, 120 ला 0.253, आणि तोच उचलला जातो. गरम केबलचा 90 डिग्रीला तो 0.325 च्या आसपास असतो, म्हणजे 28 टक्के जास्त, आणि लोडवर केबल गरमच असणार. 20 डिग्रीचा R घेतला तर इथे 2.3 टक्के दिसतील आणि तुम्हाला वाटेल अजून बारीक केबल चालेल. ड्रॉपमध्ये ग्रुपिंगचा फॅक्टर कुठेही येत नाही, तो फक्त करंटच्या क्षमतेचा विषय आहे.

याच हिशोबाने 95 चे दोन रन 3.6 टक्क्यांवर जातात, 240 चा एक 3.2 वर, 300 चा एक 2.7 वर, आणि तुमची मूळची 150 एक रन जवळपास 4.9 वर, म्हणजे पूर्ण बजेट फीडरमध्येच संपलं. मजा बघा की या साइटवर डिरेटिंग आणि ड्रॉप दोन्ही एकाच साइजवर येऊन थांबले, असं नेहमी होत नाही. लांबी 50 मीटर असती तर ड्रॉप विचारायचीच गरज नव्हती, 300 मीटर असती तर 120 चे दोन रन 4.8 टक्क्यांवर गेले असते आणि ग्रुपिंगचा विषयच दुय्यम झाला असता.

शॉर्ट सर्किटचं पटकन बघून घ्या. अॅल्युमिनियम एक्सएलपीईला एका सेकंदाला प्रति स्क्वेअर 94 अँप, म्हणजे 120 चा एक रन 11.3 किलोअँप एक सेकंद सोसतो. 630 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर 5 टक्के इम्पीडन्सचा असेल तर पॅनलवर 17 किलोअँपच्या आसपास फॉल्ट येतो, पण एमसीसीबी सेकंदाच्या छोट्या भागात उघडतो, त्यामुळे अडचण नाही. एमसीसीबीऐवजी टाइम डिले लावलेला एसीबी ठेवणार असाल तरच परत हिशोब करा.

आता दोन रन जोडायचे कसे, यात गडबड झाली तर वरचं सगळं वाया जातं. प्रत्येक केबलमध्ये आर, वाय, बी आणि न्यूट्रल चारही पाहिजेत. एका केबलचे सगळे कोअर आर फेजला आणि दुसरीचे वायला असं कोणी जोडलं तर स्टीलच्या आर्मरमध्ये करंट फिरतो आणि ग्लँड हात लावता येणार नाही एवढा तापतो. दोन्ही रन एकाच कंपनीचे, एकाच ड्रमचे मिळाले तर उत्तम, आणि लांबी सारखी कापा, एक रन आखूड झाला की तो जास्त करंट घेतो. एमसीसीबीवर दोन 120 चे लग एकावर एक ठेवून बोल्ट आवळू नका, टर्मिनल स्प्रेडर लावा, आणि अॅल्युमिनियमचा लग तांब्याच्या बसबारवर येत असेल तर बायमेटल लग किंवा वॉशर. ब्रेकरचं टर्मिनल 90 डिग्रीच्या कंडक्टरसाठी बनवलंय असं गृहीत धरू नका, बहुतेक वेळा ते 70 धरून केलेलं असतं, हेही केबल काठावर न चालवण्याचं एक कारण.

दोन रनची एक खरी कमजोरी आहे ती माहीत असू द्या. एका रनचा एक लग ढिला होऊन त्या फेजचा करंट पूर्ण दुसऱ्या रनवर गेला, तर 145 च्या केबलमधून 245 जातील आणि 256 वर सेट केलेला एमसीसीबी काहीच करणार नाही, त्याला एकूण करंट तेवढाच दिसतो. विदर्भातल्या एका जिनिंग मिलमध्ये मी हेच बघितलंय, हंगामात दुपारी ट्रेवरून वास यायचा, ट्रिपिंग नाही, सगळे पत्र्याच्या उन्हाला दोष देत होते. क्लॅम्प लावला तर वाय फेजला एका रनमध्ये करंट जवळपास शून्य आणि दुसऱ्यात सगळा.

ताप कुठून येतोय हे ओळखायची साधी खूण अशी: थर्मल कॅमेऱ्यात लग पांढरा दिसतोय आणि हातभर अंतरावर केबल गार होत जाते, तर दोष जोडणीचा. लग ठीक आहे पण ट्रेच्या मधोमध, विशेषतः कडेच्या केबलींपेक्षा आतल्या केबली जास्त गरम, तर दोष ग्रुपिंगचा. आणि नुसती एकच केबल पूर्ण लांबीभर गरम असेल तर तिच्यात करंटच जास्त जातोय, वर सांगितलं तसं.

चालू केल्यावर निम्म्याहून जास्त लोड आला की दोन्ही रनच्या तिन्ही फेजला वेगवेगळा क्लॅम्प लावून सहा रीडिंग लिहून ठेवा, एकाच फेजच्या दोन रनमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. त्याच वेळी पॅनलवर आणि शेडच्या डीबीवर व्होल्टेज मोजा, पूर्ण लोडला फरक 12 च्या आसपास यायला पाहिजे, 20 आला तर केबलच्या साइजआधी लग तपासा. पहिल्या उन्हाळ्यात मे महिन्यात पुन्हा एकदा, दुपारीच.

ट्रेंचची रुंदी आणि मातीचा प्रकार बघून इथेच कळवा, मुरूम निघाला तर 150 च्या दोन रनचा हिशोब मी करून देतो.